चव्वेचाळीस शब्दांचं एक वाक्य, आणि क्रियापद सापडेना

कोरीपाटी

पोषणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिक्षण बारावीपर्यंत मराठीतून झालं. पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी आता जमतं, पण शोधनिबंधाचं 'डिस्कशन' सुरू झालं की गाडी अडते. शब्द सगळे ओळखीचे असतात, तरी वाक्य संपेपर्यंत सुरुवात काय होती ते विसरायला होतं. काल एका वाक्यावर पाऊण तास गेला. शब्द थोडे बदलून आणि देवनागरीत टंकून देते, मोबाइलवर मला तेच सोपं पडतं:

"ऑल्दो द पॉसिबिलिटी ऑफ रेसिड्युअल कन्फाउंडिंग कॅनॉट बी एन्टायरली एक्सक्लूडेड, द असोसिएशन बिट्वीन शिफ्ट-वर्क-रिलेटेड स्लीप ड्युरेशन व्हेरिएबिलिटी अँड फास्टिंग ग्लुकोज लेव्हल्स दॅट पर्सिस्टेड आफ्टर अ‍ॅडजस्टमेंट फॉर एज अँड बॉडी वेट सजेस्ट्स दॅट इर्रेग्युलर स्लीप मे काँट्रिब्यूट, अ‍ॅट लीस्ट इन पार्ट, टू इम्पेअर्ड ग्लुकोज रेग्युलेशन."

मला लागलेला अर्थ असा: "गोंधळाची शक्यता नाकारता येत नाही, पण पाळीच्या कामामुळे झोप बदलते आणि वय-वजन जुळवल्यावरही साखर तशीच राहिली, म्हणजे अनियमित झोपेमुळे साखर बिघडते."

हे चुकलंय एवढं कळतंय. नेमकं कुठे चुकलंय ते कळत नाही. अशी वाक्यं तुम्ही कशी फोडता?

तडकाफडकी

सोपं आहे. मे, माइट, सजेस्ट, पॉसिबिलिटी, अ‍ॅट लीस्ट इन पार्ट हे सगळं पेन्सिलीने खोडायचं. ही शास्त्रज्ञांची अंग राखून बोलायची सवय आहे, अर्थ त्यात काही नसतो. उरतं ते "इर्रेग्युलर स्लीप काँट्रिब्यूट्स टू इम्पेअर्ड ग्लुकोज रेग्युलेशन". झालं. मी दोन वर्षं असंच वाचतोय.

वाचनमात्र

इंग्रजी सुधारण्यासाठी रोज आरशासमोर दहा मिनिटं बोलायचा सराव करा. मला खूप फायदा झाला. सुरुवातीला छोटी वाक्यं बोला.

कोरीपाटी

@वाचनमात्र धन्यवाद, पण अडचण बोलण्याची नाही, वाचण्याची आहे. छोटी वाक्यं मी बोलेन हो, समोरचा लेखक मोठीच लिहितो त्याचं काय करू? :)

जुनाहिशोब

संख्याशास्त्रात आयुष्य गेलं, त्यातली बरीच वर्षं दुसऱ्यांचे निबंध तपासण्यात. तुमच्या वाक्याला दोन वेगळ्या गाठी आहेत, त्या एकाच वेळी सोडवू नका. आधी सांगाडा. 'मे' आणि 'सजेस्ट' नंतर.

सांगाड्यासाठी मी मोजणी करतो. वाक्यातली खरी क्रियापदं अधोरेखित करायची. 'खरी' म्हणजे ज्यांना स्वतःचा कर्ता आणि काळ आहे अशी. तुमच्या वाक्यात ती चार आहेत: 'कॅनॉट बी एक्सक्लूडेड', 'पर्सिस्टेड', 'सजेस्ट्स' आणि 'मे काँट्रिब्यूट'. मग दारं मोजायची. दार म्हणजे जिथून पोटवाक्य सुरू होतं तो शब्द: ऑल्दो, दॅट, विच, बिकॉज, व्हेअरॅज वगैरे. इथे तीन आहेत: एक 'ऑल्दो', दोन 'दॅट'. प्रत्येक दार एक क्रियापद आत घेतं. चारातून तीन गेले, उरलं एक. तेच मुख्य.

आता कोणतं दार कोणाला घेतं ते बघा. 'ऑल्दो' घेतं 'कॅनॉट बी एक्सक्लूडेड'ला. पहिलं 'दॅट' लगेच पुढच्या 'पर्सिस्टेड'ला. दुसरं 'दॅट' घेतं 'मे काँट्रिब्यूट'ला. 'सजेस्ट्स'ला घरात घेणारं कोणी नाही, म्हणून घराचा मालक तो. आणि त्याचा कर्ता? 'सजेस्ट्स'ला शेवटी 'स' आहे, म्हणजे कर्ता एकवचनी. अगदी शेजारी बसलेलं 'लेव्हल्स' अनेकवचनी, म्हणून ते बाद. मागे जात राहिलात की 'असोसिएशन' सापडतं. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये तब्बल अठरा शब्द आहेत. पाऊण तास त्यांनी खाल्ला, तुमच्या इंग्रजीने नाही.

सांगाडा एवढाच: "संबंध सुचवतो की झोप हातभार लावत असू शकते." हा पक्का झाल्याशिवाय बाकीच्या शब्दांकडे बघूच नका.

रसायनातला

ही मोजणी मला सहा वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडे वाक्यं लांब नसतात, पण फसवी असतात. "द सॅम्पल्स हीटेड अ‍ॅट 400 डिग्रीज शोड क्रॅक्स." मी वाचलं: नमुने 400 अंशांना तापवले आणि त्यांना तडे गेले. म्हणजे सगळेच नमुने तापवले. प्रत्यक्षात चार तापमानांचे चार गट होते, आणि 400 अंशांना *तापवलेल्या* नमुन्यांनाच तडे गेले होते. 'हीटेड' तिथे क्रियापद नाहीच, विशेषण आहे. त्या गैरसमजावर मी आठवडाभर सगळे नमुने 400च्या खालीच ठेवून बसलो. तडे मुळात येतात का हे तपासायला 400 गाठावंच लागणार होतं!

जुनाहिशोब

अचूक. मोजणीत सर्वात जास्त चुका इथेच होतात. 'एड'ने संपणारा प्रत्येक शब्द क्रियापद नसतो. त्याच्याआधी 'दॅट वेअर' घालून पाहायचं. "द सॅम्पल्स दॅट वेअर हीटेड अ‍ॅट 400" असं म्हणून पुढे आणखी एक क्रियापद मिळत असेल तर तो मराठीतला 'तापवलेले' आहे, 'तापवले' नाही. मराठीत 'लेले' आणि 'ले' हे दोन वेगळे प्रत्यय आहेत, इंग्रजीत दोन्हीकडे तोच 'एड'. म्हणून आपण घसरतो.

भाषांतरवेडी

शब्दांच्या माळेबद्दल कोणी बोललं नाही अजून. "शिफ्ट-वर्क-रिलेटेड स्लीप ड्युरेशन व्हेरिएबिलिटी". अशी माळ दिसली की लोक घाबरतात, पण मराठी माणसाला ती खरं तर सोपी जायला हवी. क्रम आपलाच आहे. मुख्य नाम शेवटी, त्याचं वर्णन आधी. फक्त विभक्ती गळून पडलेली असते. ती परत लावायची: झोपे*च्या* कालावधी*तला* चढउतार. डावीकडून उजवीकडे, जसंच्या तसं.

उलटं होतं ते 'ऑफ' आणि 'दॅट' आले की. "द पॉसिबिलिटी ऑफ रेसिड्युअल कन्फाउंडिंग" मराठीत शेवटाकडून वाचावं लागतं. एकाच वाक्यात माळ सुलट आणि 'ऑफ' उलट, म्हणून डोकं गरगरतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते: माळ दिसली की शेवटचा शब्द गोल करा, 'ऑफ' दिसला की आधीचा. गोल केलेलं ते मुख्य नाम.

आणि @कोरीपाटी, तुम्ही "पाळीच्या कामा*मुळे*" लिहिलंत. वाक्यात 'रिलेटेड' आहे, म्हणजे 'निगडित'. 'मुळे' आपल्या हातून आपोआप पडतं, कारण मराठीत ते सहज बसतं. पण ते पडलं की लेखकाने न केलेला कार्यकारणाचा दावा तुम्ही त्याच्या तोंडी घातलात.

कोरीपाटी

बापरे. आणि माझ्या अर्थात 'मुळे' दोनदा आलंय. शेवटी "झोपेमुळे साखर बिघडते" पण.

'पर्सिस्टेड' मात्र अजून खुपतंय. 'लेव्हल्स दॅट पर्सिस्टेड' असं शेजारी शेजारी आहे, मग साखरेची पातळी टिकली असं का नाही? भूतकाळ असल्यामुळे 'स'चीही मदत नाही.

जुनाहिशोब

व्याकरण इथे हात वर करतं. खरोखर दोन्ही अर्थ निघतात. निकाल विषय लावतो. 'अ‍ॅडजस्टमेंट' म्हणजे वय-वजन "जुळवणं" नाही. कोणाचं वय जुळवणार? ती आकडेमोड आहे. वयाने आणि वजनाने साखरेत जो फरक पडतो तो हिशोबात वेगळा काढायचा, आणि मग पाहायचं की झोपेशी असलेला संबंध उरतो का. आकडेमोडीनंतर *संबंध* टिकतो किंवा विरतो. माणसाच्या रक्तातल्या साखरेला आपल्या आकडेमोडीचा पत्ताही नसतो, तिने टिकायचं कशाला?

'रेसिड्युअल कन्फाउंडिंग'ही "गोंधळ" नाही. वय-वजन वेगळं काढल्यावरही काही गोष्टी मागे राहतात, कारण त्या मोजल्या नव्हत्या किंवा ढोबळ मोजल्या होत्या. समजा, रात्रपाळीचे लोक अवेळी जेवतात आणि जेवणाची वेळ कोणी नोंदवलीच नाही. मग झोपेवर ढकललेला परिणाम खरं तर जेवणाचा असू शकतो. एवढं सगळं त्या दोन शब्दांत बसवलंय. असे जोडशब्द शब्दकोशात सुटे सुटे पाहून उपयोग नाही, ते एकेक नाव म्हणूनच शिकायचे. दर विषयात असे पन्नासेक असतील, फार तर शंभर. तेच तेच फिरून येतात.

तडकाफडकी

म्हणजे माझी खोडण्याची पद्धत निकालात काढली वाटतं सगळ्यांनी. पण सांगाडा काढताना तुम्हीही 'अ‍ॅट लीस्ट इन पार्ट' वगळलंतच ना? फरक काय?

जुनाहिशोब

फरक एवढाच की मी ते परत ठेवतो. पहिल्या फेरीत खोडणं योग्यच आहे, तिथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण तुम्ही खोडून उठून जाता. त्या शब्दांची कामं वेगवेगळी आहेत. 'असोसिएशन' सांगतं की दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एकीने दुसरी घडवली असं नाही. 'सजेस्ट्स' पुराव्याच्या ताकदीबद्दल आहे: पुरावा तिकडे बोट दाखवतो, सिद्ध करत नाही. 'मे' हे घडतं की नाही याबद्दल. आणि 'अ‍ॅट लीस्ट इन पार्ट' किती याबद्दल: घडत असलं तरी सगळा वाटा झोपेचा नसेल.

हे चार शब्द लेखकाने भीतीपोटी पेरलेले नाहीत. पुढचा प्रयोग कुठे करायचा त्याच्या त्या खुणा आहेत. 'असोसिएशन'चं कोडं सोडवायला माणसांची झोप मुद्दाम बदलून साखर मोजावी लागेल. 'इन पार्ट'चं सोडवायला दुसरी कारणं सोबत मोजावी लागतील.

तडकाफडकी

सगळीच नसतात हो अशी. "इट मे पर्हॅप्स बी पॉसिबल दॅट" असलंही वाचलंय मी. तिथे तीन शब्द, काम एकच.

जुनाहिशोब

हो, ते खरं. शंकेवर शंका रचलेली असते, आणि कधी तर समीक्षकाने हट्ट धरला म्हणून घातलेली. मीही तसे हट्ट धरलेत. वाचणाऱ्याने पाहायचं ते हे की दोन शब्द दोन वेगळ्या प्रश्नांना उत्तर देतात का. देत नसतील तर एक खुशाल गाळा.

भाषांतरवेडी

मला या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य पहिल्या पोस्टमध्येच आहे: "शक्यता नाकारता येत नाही".

हे आपण बातम्यांमध्ये वाचून मोठे झालो. "घातपाताची शक्यता नाकारता येत नाही" असं छापून आलं की आपल्याला काय ऐकू येतं? घातपातच असणार. मराठीत ही शब्दरचना संशयाचं बोट रोखते. "कॅनॉट बी एक्सक्लूडेड" शोधनिबंधात बरोबर उलट सुरात येतं. लेखक स्वतःची मर्यादा कबूल करतो: "एवढं आम्ही तपासू शकलो नाही." सूर संशयाचा नाही, कबुलीचा. शब्दशः भाषांतर अचूक असून अर्थ पालटतो. मी हल्ली तिथे "हे पूर्णपणे तपासता आलेलं नाही" असं लिहिते.

दुसरा घोळ 'शक्यता आहे' चा. मे, माइट, कुड, लाइकली, प्रॉबेब्ली या सगळ्यांना आपण 'शक्यता आहे' हा एकच सदरा घालतो. 'लाइकली' आणि 'मे' यांत बराच फरक आहे. 'मे' म्हणजे दार उघडं आहे. 'लाइकली' म्हणजे पारडं झुकलंय. मराठीत साधनं आहेत की: 'असू शकतं', 'असावं', 'बहुधा असणार'. आपण ती वहीत वापरत नाही, इतकंच.

रसायनातला

'मे' आणि 'माइट'मध्ये फरक करता का तुम्ही? मी 'माइट' जरा कमकुवत धरतो.

भाषांतरवेडी

मीही धरते.

जुनाहिशोब

मी धरत नाही. एकच लेखक एका परिच्छेदात 'मे' आणि पुढच्यात 'माइट' लिहितो, पुनरुक्ती नको म्हणून. त्यावर इमले बांधू नका.

भाषांतरवेडी

पण सगळे लेखक तसे बेफिकीर नसतात. हे आपलं जुळणार नाही. असो.

अवांतर, पण अगदी अवांतर नाही. 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी 'नेचर'मध्ये डीएनएची रचना मांडली, त्यातलं शेवटाकडचं वाक्य प्रसिद्ध आहे: "इट हॅज नॉट एस्केप्ड अवर नोटिस दॅट द स्पेसिफिक पेअरिंग वी हॅव पॉश्च्युलेटेड इमिजिएटली सजेस्ट्स अ पॉसिबल कॉपीइंग मेकॅनिझम फॉर द जेनेटिक मटेरियल." आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल, एवढी मोठी गोष्ट आणि शब्द बघा: 'नजरेतून सुटलेलं नाही', 'सुचवते', 'संभाव्य'. मी विद्यार्थिनी असताना याला ब्रिटिश विनय समजत होते. पुढे क्रिकने 1974 मध्ये लिहिलं की ती तडजोड होती. त्याला आनुवंशिकतेबद्दल निबंधात सविस्तर लिहायचं होतं, वॉटसनला रचनाच चुकीची निघेल अशी धास्ती अधूनमधून वाटायची. म्हणजे त्या सौम्य शब्दांमागे दोन माणसांचा वाद आहे, आणि खरीखुरी अनिश्चितताही. नक्कल कशी होते याचा भक्कम प्रायोगिक पुरावा मेसेल्सन आणि स्टाल यांनी 1958 मध्ये दिला. 1953 साली 'पॉसिबल' खोडणारा वाचक पाच वर्षं आधीच निकाल लावून मोकळा झाला असता.

तडकाफडकी

आणि निकाल बरोबर ठरला असता ;)

भाषांतरवेडी

त्या वेळी ठरला, हो. त्याच वर्षी लायनस पॉलिंगनेही डीएनएची रचना छापली होती, तीन पदरांची. ती चुकली.

कोरीपाटी

या वाक्यावर मोजणी करून पाहिली. क्रियापदं: 'हॅज एस्केप्ड', 'हॅव पॉश्च्युलेटेड', 'सजेस्ट्स'. तीन. दार एकच, 'दॅट'. तीनातून एक गेला, उरले दोन. दोन मालक कसे?

जुनाहिशोब

शाब्बास, हाच खरा उपयोग. हिशोब जुळला नाही की समजायचं एक दार छुपं आहे. 'पेअरिंग' आणि 'वी' एकमेकांना चिकटलेत, मध्ये काहीच नाही. नामाला लागून अचानक नवा कर्ता आला की मध्ये 'दॅट' गिळलेला असतो: "पेअरिंग (दॅट) वी हॅव पॉश्च्युलेटेड", आम्ही गृहीत धरलेली जोडणी. दारं झाली दोन, मालक उरला 'हॅज एस्केप्ड'. छुपं दार बहुतेक वेळा 'वी', 'दे', 'इट' यांच्या आधी सापडतं.

जिथे मोजणी फसते तेही सांगतो. एका कर्त्याची दोन क्रियापदं 'अँड'ने जोडलेली असतील तर उरलेले दोन बरोबरच असतात, दार शोधत बसू नका.

कोरीपाटी

आता माझं मूळ वाक्य चार तुकड्यांत, पुन्हा एकदा:

"पाळीतल्या कामाशी निगडित असा झोपेच्या कालावधीतला चढउतार आणि उपाशीपोटीची साखर यांच्यात संबंध आढळला, चढउतार जास्त असलेल्यांची साखर जास्त होती. वय आणि वजन यांचा परिणाम हिशोबातून वेगळा काढल्यावरही हा संबंध टिकला. त्यावरून असं वाटतं की साखरेचं नियमन बिघडण्यात अनियमित झोपेचा, निदान काही अंशी, हात असावा. मात्र न मोजलेल्या दुसऱ्या कारणांनी हा संबंध दिसत असेल का, हे पूर्णपणे तपासता आलेलं नाही."

रसायनातला

मला एका वाचनात कळलं, आणि माझा पोषणशास्त्राशी काडीचा संबंध नाही.

जुनाहिशोब

छान. दोन खडे काढतो. "चढउतार जास्त असलेल्यांची साखर जास्त" हे वाक्यात कुठे आहे? 'असोसिएशन' दिशा सांगत नाही. पुढच्या 'इम्पेअर्ड'वरून तुम्ही अंदाज बांधलात. अंदाज बरोबर असेलही, पण तो वाक्यातून नाही, तक्त्यातून यायला हवा.

दुसरं, 'मे'साठी 'असावा' जड झालं. 'असू शकतो' पुरे.

भाषांतरवेडी

दुसऱ्यावर मी सहमत नाही. आधी 'असं वाटतं' आहे, त्यापुढे 'असू शकतो' ठेवलं तर वाक्य मराठीत फार पांगळं होतं. 'असं वाटतं... असावा' हे दोन्ही मिळून 'सजेस्ट्स... मे' एवढंच वजन होतं.

जुनाहिशोब

'असावा' म्हणजे बोलणाऱ्याने मनाशी ठरवलेलं असतं. 'मे'मध्ये ठरवलेलं नसतं.

तडकाफडकी

तुम्ही दोघं भांडा, मी जुने निबंध परत उघडून बसलोय. दोन वर्षांच्या टिपणांत सगळीकडे "सिद्ध झाले" लिहिलंय. एका ठिकाणी मूळ निबंधात 'मे' होतं. ज्याच्यावरून मी टीप घेतली त्या दुसऱ्या निबंधाने ते उद्धृत करतानाच गाळलं होतं, आणि उरलेलं मी पूर्ण केलं.

कोरीपाटी

तक्ता पाहिला. चढउताराच्या ओळीत सहगुणकाचं चिन्ह अधिक आहे, म्हणजे दिशा बरोबर होती. पण ते आता "(तक्ता 3 वरून)" असं लिहून वेगळं ठेवलंय. 'असावा' आणि 'असू शकतो' दोन्ही समासात लिहिलेत. पुढचं वाक्य एकसष्ट शब्दांचं आहे, त्यात क्रियापदं सहा आणि दारं तीन दिसतायत. एक 'अँड' आहे, तो धरला तरी एक दार कमी पडतंय. 'वी' कुठेच नाही. संध्याकाळी टंकते.